निवड दुसऱ्याची झाली. आता मुलाखत घेणाऱ्यांना काय विचारायचं?



दहावीच्या वर्गात आपण मुलांना मागणी पत्र शिकवतो, विनंती पत्र शिकवतो, अभिनंदनाचं पत्रही शिकवतो. बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखतीवर वेगळा पाठ आहे. पण मुलाखत देऊन आल्यावर "आपली निवड झालेली नाही" असं कळलं, तर त्यानंतर मुलाखत घेणाऱ्यांना एक पत्र लिहिता येतं, हे आपण कुठेच सांगत नाही. आजचा लेख त्या पत्राबद्दल आहे. आमच्या ठाकूरद्वारच्या एका माजी विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. तिचं आणि शाळांची नावं मुद्दामच देत नाही.

ठाकूरद्वारच्या चाळीतली ती संध्याकाळ

मुलगी बी.एस्सी., बी.एड. गणिताची आवड पहिल्यापासून. जूनमध्ये दादरच्या बाजूच्या एका खाजगी शाळेत पाचवी ते आठवीच्या गणितासाठी जागा निघाली. गुरुवारी मुलाखत झाली आणि पाचवीच्या वर्गावर वीस मिनिटांचा पाठही घ्यायला सांगितला. विषय होता सममूल्य अपूर्णांक. पाठ संपल्यावर मुख्याध्यापिका "छान घेतलात" असं म्हणाल्या होत्या. शनिवारी दुपारी शाळेच्या कार्यालयातून फोन आला की दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मोबाईलवर लिहून ठेवलेला मजकूर मला दाखवून म्हणाली, "बाई, पाठवू का?" मजकूर असा होता:

"नमस्कार मॅडम, माझी निवड झाली नाही हे समजलं. खूप वाईट वाटलं. पाठ छान झाला असं तुम्हीच म्हणाला होतात. मग मी नक्की कुठे कमी पडले? ज्यांची निवड झाली त्यांच्यात असं काय होतं? कृपया कळवावे."

तिच्या मागोमाग तिचे बाबाही आले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "त्या संस्थेच्या कमिटीत आमच्या ऑफिसातल्या एकाची ओळख आहे. त्याच्याकडून आतली गोष्ट काढतो ना! हिने कशाला लिहायचं?"

दोघांचीही इच्छा एकच होती, पुढच्या वेळी निवड व्हावी ही. पण या दोन्ही वाटांनी त्यासाठी उपयोगी पडेल असं काही हाती आलं नसतं. का, ते आधी पाहू.

मुलाखत घेणारा उत्तर का टाळतो?

मी स्वतः काही वर्षं उमेदवारांचे पाठ पाहायला मागच्या बाकावर बसले आहे, म्हणून दुसरी बाजू थोडी माहीत आहे. आमच्या हातात एक कागद असतो. त्यावर विषयज्ञान, फलकलेखन, प्रश्न विचारण्याची पद्धत, वर्गावरचं नियंत्रण, वेळेचं भान असे रकाने असतात. प्रत्येक जण आपापले गुण भरतो. मग चर्चा होते आणि निर्णय सगळ्यांचा मिळून होतो.

आता "मी कुठे कमी पडले?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, म्हणजे चार जणांच्या निर्णयाचं समर्थन एकट्याने करायचं. "निवड झालेल्यांत काय होतं?" याचं उत्तर द्यायचं, तर दुसऱ्या उमेदवाराची माहिती तिसऱ्याला सांगायची. शिवाय लिहून दिलेलं वाक्य उद्या तक्रारीला जोडलं जाईल, ही भीती असतेच. आणि "तुम्हीच छान म्हणाला होतात" हे वाचलं, की समोरच्याला वाटतं आपल्याला पकडलं जातंय. मग तो काय करतो? एक तर गप्प बसतो, नाहीतर "आपण उत्तम होता, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असं लिहून मोकळा होतो. यात त्याचा वाईटपणा नसतो. प्रश्न झालेल्या निर्णयाबद्दल आहे, आणि तो निर्णय आता बदलणार नाही.

तोच माणूस "पुढच्या पाठात मी आधी काय सुधारू?" या प्रश्नाला मात्र बऱ्याचदा मोकळेपणाने उत्तर देतो. इथे त्याला कोणाची तुलना करायची नसते, निर्णय राखायचा नसतो. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला पाठाबद्दल सांगायचं असतं, आणि ते तर आपण स्टाफरूममध्ये रोजच करतो.

बाबांच्या वाटेचा दोष निराळा आहे. ओळखीतून आलेलं उत्तर दोन-तीन तोंडांतून फिरून येतं. ज्याने पाठ पाहिलेलाच नाही, तो ते सांगतो. वाटेत ते गोड होतं किंवा त्याला फोडणी बसते. "अहो, त्यांचा माणूस आधीच ठरला होता" हे वाक्य ओळखीतून हमखास येतं. ते खरं असो वा नसो, त्यातून मुलीला सोमवारी सकाळी करण्यासारखं काहीच मिळत नाही. आणि मुख्याध्यापिकेच्या कानावर गेलं की कमिटीकडून चौकशी आली, तर ती चौकशी त्यांना सल्ल्याची विनंती वाटत नाही, वशिल्याचा प्रयत्न वाटतो. मी बाबांना एवढंच म्हटलं, "काका, तिचा पाठ ज्यांनी पाहिला त्यांनाच तिला विचारू द्या." ते थोडे नाराज झाले, पण थांबले.

गुण मागणं वेगळं, सल्ला मागणं वेगळं

इथे एक फरक पालकांनी जरूर लक्षात घ्यावा. सरकारी किंवा महापालिकेच्या भरतीत आपल्याला किती गुण मिळाले, ही नोंदीतली माहिती आहे. ती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. अर्जाची फी दहा रुपये, आणि उत्तराची मुदत साधारणपणे तीस दिवस. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. पण त्याच निकालात हेही स्पष्ट केलं, की जी माहिती कार्यालयाच्या नोंदीत आहे तीच मागता येते. अर्जदाराला सल्ला देणं किंवा त्याच्यासाठी नवं मत तयार करून देणं हे या कायद्याने बंधनकारक नाही.

म्हणजे अर्ज करून फार तर "प्रश्न विचारण्याची पद्धत : दहापैकी पाच" एवढं हाती येईल. ते पाच का, आणि पाचाचे आठ कसे होतील, हे सांगायला कोणी बांधील नाही. ते विनंती करूनच मिळतं. म्हणून निवडीत अन्याय झाला असं पुराव्यानिशी वाटत असेल, तर तक्रारीचा आणि माहिती अधिकाराचा मार्ग धरावा. शिकायचं असेल तर विनंतीचा. एकाच पत्रात दोन्ही घातलं, की तक्रारही धड राहत नाही आणि विनंतीही.

पत्र नव्याने लिहिताना

त्या रात्री आम्ही मजकूर पुन्हा लिहायला घेतला. तिला पहिला प्रश्न विचारला, "कधी पाठवायचं?" ती म्हणाली, "आत्ताच." मी म्हटलं, आजची रात्र जाऊ दे, पण आठवडा नको. एक रात्र यासाठी, की शब्दांतला राग उतरतो. आणि लवकर यासाठी, की पाहणाऱ्याला पाठ आठवायला हवा. आमच्याकडे एका जागेसाठी आठ-दहा पाठ होतात. दहा दिवसांनी कोणी विचारलं, तर चेहरा आठवतो, पण अपूर्णांकाच्या पाठात फळ्यावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही. मग नाइलाजाने गुळगुळीत उत्तर दिलं जातं. निकाल कळल्यापासून दोन-तीन दिवसांत लिहिणं बरं.

दुसरा प्रश्न, कोणाला लिहायचं? फोन कार्यालयातून आला होता, पण कार्यालयातल्या बाईंनी पाठ पाहिला नव्हता. पाठ पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी पत्रव्यवहार केला, ज्यांचा पत्ता किंवा नंबर शाळेनेच दिला, त्यांनाच लिहावं. कोणाचा खाजगी नंबर शोधून काढू नये. मुलाखतीचं बोलावणं मुख्याध्यापिकेच्या ईमेलवरून आलं होतं, म्हणून तिथेच उत्तर पाठवायचं ठरलं. आणि एकालाच पाठवायचं. चौघांना पाठवलं, की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: विचारायचं काय? तिला आधी लिहायचं होतं, "माझ्यात काय सुधारणा हव्यात?" हा प्रश्न नम्र आहे, पण फार मोठा आहे. आपण परीक्षेत मुलांना "गणिताबद्दल लिहा" असा प्रश्न देतो का? प्रश्न जितका आटोपशीर, तितकं उत्तर नेमकं. म्हणून एकच पाठ, एकच गोष्ट, आणि काळ पुढचा.

रविवारी दुपारी तिने पाठवलेला मजकूर असा:

"माननीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.
पाचवी ते आठवीच्या गणित शिक्षकपदासाठी मी गुरुवारी आपल्या शाळेत मुलाखत आणि सममूल्य अपूर्णांकांवरचा पाठ दिला होता. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाल्याचं काल कळलं. आपण सर्वांनी पूर्ण पाठ शांतपणे पाहिलात, त्याबद्दल मनापासून आभार.
निर्णयाबद्दल माझा प्रश्न नाही. येत्या काही महिन्यांत मी इतर शाळांत अर्ज करणार आहे. माझा पाठ पाहून, त्यात सर्वांत आधी कोणती एक गोष्ट सुधारायला हवी असं आपल्याला वाटलं? दोन ओळी लिहिल्यात किंवा सोयीच्या वेळी पाच-दहा मिनिटं फोनवर सांगितलंत, तर मला फार उपयोग होईल. जमणार नसेल तरी हरकत नाही.
आपली विश्वासू"

नीट पाहिलं तर हे आपलं दहावीचंच विनंती पत्र आहे. पहिल्या भागात ओळख पटते, कारण दहा उमेदवारांतली ही कोणती, ते समोरच्याला शोधावं लागत नाही. "निर्णयाबद्दल माझा प्रश्न नाही" या वाक्याने त्यांची भीती जाते. मग एक प्रश्न. मग उत्तराचे दोन मार्ग, त्यातला एक तोंडी, कारण बऱ्याच जणांना लिहून देणं नको असतं पण बोलायला चालतं. आणि शेवटी नाही म्हणायची मोकळीक. ही मोकळीक खरोखर द्यायची असते. नुसतं लिहायचं आणि रोज ईमेल उघडून चिडायचं, असं नाही.

"वाईट वाटलं" हे वाक्य मी का काढायला लावलं, असं तिने विचारलं. वाईट वाटणं खरंच आहे. पण ते वाचलं की समोरचा सल्ला देण्याऐवजी समजूत घालायला लागतो, आणि समजुतीत "तू छानच होतीस" याशिवाय काही नसतं.

फोनवर काय मिळालं

चार दिवसांनी मुख्याध्यापिकांचा उलट ईमेल आला, शुक्रवारी साडेचारला फोन करा. फोनआधी मी तिला तीन सूचना दिल्या. वही-पेन घेऊन बस. मध्ये बोलू नकोस. आणि "पण मॅडम, मी तर..." हे शब्द तोंडातून येऊ देऊ नकोस. खुलासा सुरू झाला, की सल्ला बंद होतो.

संभाषण अकरा मिनिटांचं झालं. तिने वहीत उतरवलेलं मी पाहिलं आहे. सुरुवातीला मॅडम म्हणाल्या, "तुमचा पाठ चांगलाच होता, जरा अनुभव वाढवा." इथे बहुतेक जण "हो मॅडम, धन्यवाद" म्हणून फोन ठेवतात. तिने ठरल्याप्रमाणे एक प्रश्न विचारला: "मॅडम, पाठातला एखादा प्रसंग सांगाल का, जिथे तुम्हाला हा अनुभव कमी वाटला?"

मग खरं उत्तर आलं. "तुम्ही फळ्यावर १/२, २/४, ४/८ लिहिलंत आणि विचारलंत, पुढचा कोणता? पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच ८/१६ म्हणाला आणि तुम्ही 'शाब्बास' म्हणून पुढे गेलात. मी मागे बसले होते. माझ्या शेजारच्या मुलीच्या वहीत १/२ = २/३ लिहिलं होतं. वरही एक मिळवला, खालीही एक मिळवला. तिचं चुकलंय हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही प्रश्न चांगले विचारता, पण थांबत नाही, आणि मागे येत नाही."

दुसरी गोष्ट मुलाखतीतली होती. "गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी काय कराल?" या प्रश्नाला तिने "वैयक्तिक लक्ष देईन" असं उत्तर दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हे उत्तर सगळेच देतात. तुम्ही इंटर्नशिप केलीत ना? त्यातलं एक मूल सांगा. त्याला काय येत नव्हतं, तुम्ही काय केलंत, मग काय झालं."

आणि तिसरी गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. शाळेला गणिताबरोबर सहावीचं विज्ञान इंग्रजीतून घेऊ शकणारं कोणी हवं होतं, आणि निवड झालेल्या उमेदवाराने ते आधी केलेलं होतं. "हे जाहिरातीत नव्हतं. त्यात तुमचा काही दोष नाही."

सल्ला चाळून घ्यायचा

फोन झाल्यावर तिने मला विचारलं, "बाई, म्हणजे मी थांबले असते, मागे गेले असते, तरी माझी निवड झाली नसती?" खरं उत्तर आहे, कदाचित नसतीच झाली. हे गिळायला अवघड आहे. पण म्हणूनच सल्ला मिळाल्यावर तो चाळावा लागतो, आपण तांदूळ चाळतो तसा.

एका बाजूला ठेवायच्या आपल्या हातात नसलेल्या गोष्टी. शाळेची विज्ञानाची गरज, सरकारी भरतीत बिंदुनामावलीनुसार जागा कोणत्या प्रवर्गाची आहे, आधीच तिथे तात्पुरतं काम करणारा उमेदवार. या गोष्टी कळल्या तर बरं, कारण मग आपण स्वतःला उगाच दोष देत नाही. पण त्यांच्यासाठी स्वतःला बदलायला धावायचं नाही. एका शाळेला विज्ञान हवं होतं, म्हणून सगळं सोडून विज्ञानाच्या मागे लागलो, तर पुढची शाळा संगीत मागेल.

दुसऱ्या बाजूला सौजन्याची वाक्यं. "अनुभव वाढवा", "आत्मविश्वास हवा", "व्यक्तिमत्त्वावर काम करा". यांची ओळख सोपी आहे: हे वाक्य पाठ न पाहताही बोलता येतं. त्यावर एकदाच "एखादा प्रसंग सांगाल का?" असं विचारावं. प्रसंग मिळाला तर सल्ला आहे. नाही मिळाला तर आभार मानून थांबावं. दुसऱ्यांदा खोदू नये.

आणि चाळणीत उरतं ते कामाचं. त्यात जागा, क्षण, कृती असते. १/२ = २/३ हे असं वाक्य आहे. ते ज्याने पाठ पाहिला तोच सांगू शकतो, आणि ज्याला सांगितलं तो त्याच संध्याकाळी त्यावर काम सुरू करू शकतो.

तरीही एकाच माणसाचा सल्ला डोळे मिटून घेऊ नये. तो एका शाळेचा, एका नजरेचा असतो. स्वतः तपासून पाहावा. तिने तेच केलं.

तिने पुढे काय केलं

ती तिच्याच वाडीतल्या सहा मुलांची शिकवणी घेते. त्या शिकवणीत तिने मोबाईलवर आवाज मुद्रित केला आणि रात्री ऐकला. वीस मिनिटांत तिने चौदा प्रश्न विचारले होते. त्यातल्या नऊ प्रश्नांची उत्तरं तिने स्वतः दिली होती किंवा एकाच हुशार मुलाने. प्रश्न आणि "सांगा, सांगा" यांच्या मध्ये जेमतेम एक सेकंद. मॅडमचं म्हणणं तिच्याच आवाजात समोर आलं.

ही सवय काही तिच्या एकटीची नाही. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या सुमाराला वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला, तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यासमोर उभं राहून मनात मोजून पाहा, किती लांब वाटतात ते!

तिने दोनच बदल केले. प्रश्न विचारला की सगळ्यांनी आधी वहीत लिहायचं, कोणी बोलायचं नाही. आणि तेवढ्या वेळात तिने शेवटच्या मुलापर्यंत चालत जाऊन यायचं. पहिल्याच आठवड्यात तिला सहापैकी दोन वह्यांत १/२ = २/३ सापडलं. मग तिने कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एकीची दोन घडी, दुसरीची तीन घडी केली, आणि एकाखाली एक ठेवून विचारलं, "हे दोन सारखे आहेत का?" एका मुलाने मान हलवली, म्हणाला, "दुसरं जास्त आहे ताई." हाच प्रसंग तिने लिहून ठेवला, पुढच्या मुलाखतीत "मागे पडलेल्या मुलांसाठी काय कराल?" याला द्यायचं उत्तर म्हणून.

पुढच्या शाळेतही निवड दुसऱ्याचीच झाली. तिथे तिने असंच पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी एक आठवण पाठवली, तरी नाही. तिथे तिने विषय सोडला. तिसरी मुलाखत गिरगावातच, एका शिक्षिकेच्या प्रसूती रजेच्या जागेवर. तिथे पाठात ती मागच्या बाकापर्यंत गेली आणि पट्ट्यांचा प्रसंगही सांगितला. सहा महिन्यांची जागा मिळाली. कायमची नाही, पण रोज वर्गावर उभं राहायला मिळतं. त्या दिवशी तिने पहिल्या मॅडमना दोन ओळी लिहिल्या: सल्ल्याप्रमाणे काय बदललं, आणि आता कुठे रुजू झाले. सल्ला देणाऱ्याला हे कळवणं राहून जातं. ते राहू देऊ नये. त्यामागे पुढच्या जागेचा हिशोब नको. ज्याने अकरा मिनिटं दिली, त्याला त्यांचं काय झालं हे कळायला हवं.

पालकांनी आणि शिक्षकांनी

पालकांना एकच विनंती. हे पत्र मुलाने किंवा मुलीनेच लिहावं, फोनही त्यांनीच करावा. आई-बाबांचा फोन आला, की मुलाखत घेणाऱ्याला वाटतं उमेदवार स्वतः बोलू शकत नाही. सल्ला देणं राहतं बाजूला. तुम्ही मजकूर वाचून द्या, रागाचं वाक्य राहिलं असेल तर दाखवा, आणि उत्तर आलं नाही तर "सोड आता" हे वेळेवर म्हणा.

शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात एका तासिकेत हे करून पाहावं. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदकाची निवड झाली नाही, असा प्रसंग द्यावा आणि निवड करणाऱ्या बाईंना पत्र लिहायला सांगावं. पत्रं गोळा करून फक्त प्रश्नचिन्ह असलेली वाक्यं फळ्यावर लिहावीत. मग मुलांनाच विचारावं: यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही बाई असतात तर दिलं असतं? आमच्या वर्गात "मला का नाही घेतलं?" हा प्रश्न सर्वांत जास्त वह्यांत होता. एका मुलीने लिहिलं होतं, "पुढच्या वर्षीसाठी मी कोणता उतारा मोठ्याने वाचून सराव करू?" फळ्याकडे बघून मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, हिला तर तुम्ही उताराच द्याल!"

दिलाच मग.